साखळी, पावती आणि निफ्टी

नाताळाच्या तोंडावर आमच्या घरी पन्नास हजारांवरून तिघांची तीन मतं. मम्मी म्हणे, साखळी करूया. बँकेत क्लार्क असलेले पप्पा ठेवपावतीवर ठाम. मी म्हटलं, इंडेक्स फंड. पैसे लागणार होते पुढच्या डिसेंबरात, धाकटीच्या नर्सिंगच्या फीला.

पप्पांनी कॅलेंडरच्या मागे हिशेब मांडला. घडणावळ १२ टक्के आणि एकूण बिलावर ३ टक्के जीएसटी धरला, तर ५०,००० च्या साखळीत सोनं जेमतेम ४३,३०० चं. मोडताना सोनार सोन्याचेच पैसे देणार. म्हणजे भाव १५ टक्क्यांवर चढला तरच मुद्दल सुटणार. ठेवीवर साडेसहा टक्के, कर्मचारी म्हणून एक टक्का जादा. तिमाही चक्रवाढीने वर्षअखेर सुमारे ५३,८५०.

फंडाला त्यांनी नावं ठेवली नाहीत. फक्त विचारलं, "फीच्या आठवड्यात बाजार पडला तर?" मी मोबाइलवर पाहिलं. जानेवारी २०२० च्या शिखरावरून २३ मार्चपर्यंत निफ्टी ५० सुमारे ३८ टक्के कोसळला होता. पन्नासाचे एकतीस! नोव्हेंबरात तो भरूनही आला, पण कॉलेज तोवर थोडंच थांबतं?

म्हणून माझं मत बदललं. जास्त कशात मिळतं याआधी पैसे कधी लागणार ते विचारावं. सात-आठ वर्षं हात लावायचा नसेल, तर मी आजही फंडच म्हणेन. साखळी गळ्यात घालायची असेल तर खुशाल करावी, पण घडणावळ हा हौसेचा खर्च धरावा.

मम्मीला हे पटलं नाही. तिच्या मते अडीनडीला सोनंच धावून येतं. आणि सोनेतारणाच्या काउंटरवर बसणारे पप्पा यावर गप्पच राहिले.