आभाराच्या पानावर फेलोशिपचं नाव लिहा

विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018 चे वाङ्मयचौर्यविरोधी नियम ज्यांनी वाचले असतील त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली असेल. प्रबंधातली उचलेगिरी मोजताना संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि आभाराचं पान वगळायचं, असं त्यात लिहिलेलं आहे. म्हणजे तीनशे पानांच्या प्रबंधात आभाराचं पान कुठूनही उतरवून काढलं तरी कोणी विचारणार नाही. आणि ते उतरवलंच जातं. बाइंडिंगच्या आदल्या रात्री सिनियरची फाइल उघडायची, नावं बदलायची, प्रिंट मारायची.

मी दिल्लीत द्वारकेला राहते. इथे चार-सहा सेक्टरांच्या अंतरात तीन विद्यापीठं आहेत: सेक्टर 3 ला नेताजी सुभाष, सेक्टर 14 ला राष्ट्रीय विधी विद्यापीठ, सेक्टर 16-सी ला इंद्रप्रस्थ. मराठी पोरं-पोरी दिल्लीत आली की कोणाकडून तरी माझा नंबर मिळतो. मग "ताई, जय भीम, हे एकदा बघून द्या ना" असा मेसेज येतो आणि खाली प्रबंधाची सुरुवातीची पानं. दरवर्षी अशी पाच-सहा आभाराची पानं वाचते. ती इतकी एकसारखी असतात की मला पाठ झाली आहेत. आधी परमेश्वर. मग गाईड: ज्ञानाचे सागर, ज्यांच्या कृपाशीर्वादाशिवाय हे शक्य नव्हतं, ज्यांचे ऋण जन्मोजन्मी फिटणार नाहीत. अर्धं पान इथेच संपतं. मग विभागप्रमुख, डीन, कुलगुरू, ज्यांना हा विद्यार्थी कधी भेटलेलाही नसतो. मग एका वाक्यात आई-वडील, "त्यांच्या प्रेमासाठी". आणि ज्या पैशावर पाच वर्षं खोलीभाडं, मेस आणि फील्डवर्क झालं, त्या फेलोशिपचा उल्लेखच नसतो.

हे पान किरकोळ आहे असं समजू नका. प्रबंध जमा झाला की तो शोधगंगेवर चढतो आणि नाव टाकलं की कोणालाही सापडतो. पहिलं प्रकरण वाचणारे थोडे असतात, आभाराचं पान सगळे उघडतात. आपल्या घरात पहिल्यांदा कोणीतरी पीएचडी केली आणि त्याची जी कायमची नोंद राहिली, त्यात पोरगं कोणाच्या तरी चरणाशी बसलेलं दिसतं. ज्याला पगार मिळतो त्याने आपलं काम केलं, तर ती कृपा कशी झाली?

इथे कोणी म्हणेल, बाबासाहेबांनीही आभार मानलेच होते की. मानले होते, आणि कसे मानले ते बघण्यासारखं आहे. लंडनच्या डी.एस्सी.चा त्यांचा प्रबंध 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' 1923 मध्ये पुस्तकरूपाने आला. प्रस्तावनेच्या शेवटी ते आपले गुरू प्रा. एडविन कॅनन यांचे आभार मानतात. शब्द उबदार आहेत, हे ऋण आपल्याला फेडता येणार नाही असंही म्हणतात. पण कशासाठी, तेही लगेच सांगतात: कॅनन यांनी काम बारकाईने तपासलं आणि सैद्धांतिक मांडणीची कठोर छाननी केल्यामुळे आपण अनेक चुकांपासून वाचलो. सोबत हेही नोंदवतात की पुस्तकातल्या मतांची जबाबदारी कॅनन यांच्यावर नाही. आणि कॅनन यांनी त्याच पुस्तकाला जे प्राक्कथन लिहिलं, त्यात ते सरळ सांगतात की या लेखकाचे बरेचसे युक्तिवाद मला पटत नाहीत, तरी काही ठिकाणी त्याने नेमका घाव घातला आहे. गुरू असहमत, शिष्य कृतज्ञ, आणि दोन्ही गोष्टी एकाच पुस्तकात छापलेल्या. त्यानंतर विल्सन कॉलेजच्या प्रा. वाडियांचे आभार आहेत, प्रुफं तपासण्याचं कंटाळवाणं काम त्यांनी आनंदाने केलं म्हणून. जेवढं काम, तेवढं वाक्य.

पुस्तक अर्पण केलं आहे आई-वडिलांच्या स्मृतीला. भीमाबाई तर बाबासाहेब लहान असतानाच गेल्या होत्या, रामजी 1913 च्या फेब्रुवारीत गेले. अर्पणपत्रिकेत प्रेमबिम नाही. शिक्षणाच्या बाबतीत त्यांनी केलेला त्याग आणि दाखवलेली समज, एवढंच तिथे आहे. दोन वर्षांनी, 1925 मध्ये, कोलंबियाचा प्रबंध पुस्तक म्हणून आला तो सयाजीराव गायकवाडांना अर्पण केलेला. तिथेही तेच: माझ्या शिक्षणाच्या बाबतीत केलेल्या मदतीबद्दल. बडोद्याने 1913 मध्ये महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती, दहा वर्षं संस्थानाची नोकरी करण्याच्या करारावर. आणि त्याच बडोद्यात 1917 मध्ये त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून हाकलून काढलं. यातलं काहीच अर्पणपत्रिकेत येत नाही. त्यांनी बडोद्याला माफ केलं असा याचा अर्थ मी घेत नाही. धर्मशाळेची हकिकत त्यांनी नंतर स्वतंत्रपणे, तपशीलवार लिहिलीच. पैसे देणाऱ्याचा हिशेब एका पानावर, अपमानाचा दुसऱ्या.

आता यंदाचं एक पान घेते. मुलगा मराठवाड्याचा, विषय गायरान जमिनींवरची दलितांची अतिक्रमणं. नाव-गाव सांगत नाही. पान इंग्रजीत होतं, मी मराठीत सांगते. गाईडवर सतरा ओळी. मी फोन करून विचारलं, "सरांनी नेमकं काय केलं ते सांग." तो गप्प. मग म्हणाला, "ताई, खरं सांगू का, पहिल्या वर्षी पाच गावं घेतली होती, सरांनी दोन काढायला लावली. मला राग आला होता." आणखी? "नुसत्या मुलाखतींवर प्रकरण उभं केलं होतं, ते परत पाठवलं. म्हणाले, कागद आण. मग तलाठ्याकडे जाऊन गाव नमुना 1-ई मिळवला." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, 1-ई म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही. कोण कधीपासून ती जमीन कसतोय याचा सरकारी पुरावा तिथे सापडतो, आणि कित्येकदा सापडत नाही, तोही एक शोधच असतो. म्हणजे गाईडने प्रबंध वाचवला होता. आणि सतरा ओळींत ते कुठेच नव्हतं! आम्ही लिहिलं: "माझे मार्गदर्शक प्रा. अमुक यांनी अभ्यासक्षेत्र तीन गावांपुरतं मर्यादित करण्याचा आणि मुलाखती महसुली नोंदींशी ताडून पाहण्याचा आग्रह धरला. तिसरं प्रकरण त्यांनी दोनदा वाचून दुरुस्त केलं. त्यांचा मी मनापासून आभारी आहे." तीन वाक्यं. ज्ञानाच्या सागरापेक्षा यात त्या माणसाचा मान जास्त आहे, कारण हे वाक्य दुसऱ्या कोणाच्या प्रबंधात चिकटवता येणार नाही.

आणि गाईडने काही केलंच नसेल तर? असे असतात, आणि जातीवरून छळणारेही असतात. तेव्हा नाव, पद आणि "मार्गदर्शनाबद्दल आभार" एवढं एक वाक्य लिहा आणि पुढे जा. प्रमाणपत्रावर त्यांची सही लागते, व्हायवा व्हायचा असतो, हात दगडाखाली असतो. वाचणाऱ्याला ते एक वाक्य कळतं. सूड त्या पानावर घेऊ नका, तक्रार लेखी करा, तारखेनिशी करा, अनुसूचित जाती-जमाती कक्षाकडे करा. पण ज्याने छळलं त्याला सागरही म्हणू नका.

घरच्यांच्या ओळीत मला उलटी भीती वाटते. एक वाक्य कमी पडतं म्हटलं की पोरं गरिबीची अख्खी कादंबरी लिहितात, कारण वाचणाऱ्या सवर्णाला ती आवडते. एकच खरी गोष्ट पुरते. या मुलाच्या थोरल्या बहिणीने बारावीनंतर शिक्षण सोडलं आणि याच्या एम.ए.ची फी भरली. एवढंच लिहायचं, पण आधी तिला विचारून. तिने विचारल्यावर सांगितलं, "माझं नाव लिही, शिक्षण सोडलं ते लिहू नको." मग तसंच लिहिलं: एम.ए.ची फी थोरल्या बहिणीने भरली. फेलोशिप सुरू होण्याआधीचे आठ महिने मेव्हण्याच्या उसन्या पैशावर निघाले होते, तेही लिहिलं. 1920 मध्ये लंडनला परत जाताना बाबासाहेबांनीही नवल भथेनांकडून पाच हजार रुपये कर्जाऊ घेतले होते. उसने देणाऱ्याचं नाव घ्यायला लाजायचं काय कारण?

आता राहिली फेलोशिप. मी विचारलं, का नाही लिहिली? "ताई, लिहिली की जात कळते." खरं आहे. राष्ट्रीय अनुसूचित जाती फेलोशिप असं लिहिलं की मुलाखतीच्या टेबलापलीकडे बसलेल्याला प्रबंध उघडताच कळतं. फुलब्राइटवाला ठळक अक्षरांत लिहितो, कॉमनवेल्थवाला पहिल्याच ओळीत लिहितो. आपण मात्र पाच वर्षांचा पैसा लपवून प्रबंध जणू हवेवर झाला असं दाखवतो. मी याच्या विरोधात आहे. जात तशीही आडनावावरून, गावावरून, विषयावरून शोधली जाते; लपवल्याने विचारणारा थांबत नाही. उलट पुढच्या पोराला कळत नाही की अशी फेलोशिप असते आणि तिच्यावर पीएचडी होते. नोकरीच्या टांगणीवर असलेल्या कोणाला मी भित्रा म्हणणार नाही, त्याचं पोट त्याला कळतं. पण मंजुरीपत्र काढून वाचा, उल्लेखाची अट आहे का बघा. आणि लिहायचंच तर पूर्ण लिहा: योजनेचं नाव, मंत्रालय, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत. "शासनाचे उपकार" वगैरे लिहू नका. हा पैसा संविधानाच्या हिशेबातला आहे, कोणा मंत्र्याच्या खिशातला नाही. "हे संशोधन अमुक फेलोशिपच्या अर्थसाहाय्याने झाले" एवढं पुरे. बार्टीची असेल तर बार्टी लिहा.

त्याने दोन दिवस घेतले आणि लिहिलं. तीन गावांतल्या ज्यांनी बोलायला वेळ दिला त्यांची नावं मात्र घातली नाहीत. अतिक्रमणाचे दावे अजून चालू आहेत आणि शोधगंगा कोणीही वाचतं, सरपंचही वाचतो. गावांचे आभार "माहिती देणारी एकेचाळीस कुटुंबं" असे मानले. कुलगुरू, डीन आणि परमेश्वर गेले. पान निम्मं झालं. गाईडने वाचून एका ठिकाणी स्वल्पविराम घातला आणि विचारलं, "ती गावं काढायला लावली तेव्हा तू चिडला होतास ना?"