न संपणारे कोष्टक

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात लाइबनिट्झने एक स्वप्न पाहिले: विचारांची अशी सांकेतिक भाषा घडवावी की दोन पंडितांत मतभेद झाला तर त्यांनी वाद न घालता लेखणी घेऊन हिशेब मांडावा. त्यानंतरची अडीचशे वर्षे तर्कशास्त्राचा इतिहास एकाच चुकीभोवती फिरत राहिला. एका छोट्या प्रांतात यंत्रवत पद्धत यशस्वी झाली, की तिच्याकडे साऱ्या राज्याची सनद म्हणून पाहिले गेले.

पहिले यश खरोखरच डोळे दिपवणारे होते. जॉर्ज बूलने 1847 आणि 1854 च्या ग्रंथांत तर्काला बीजगणिताचे रूप दिले आणि त्यावरून विल्यम जेव्हन्सने पियानोसारख्या पट्ट्या असलेले यंत्र बांधून 1870 साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. चार पदांच्या सोळाही जुळण्या यंत्रात मांडलेल्या असत आणि पट्टी दाबताच गृहीतकांशी विसंगत जुळण्या गळून पडत. 1921 मध्ये एमिल पोस्ट आणि लुडविग विट्गेन्स्टाइन यांनी स्वतंत्रपणे याच कल्पनेला सत्यता-कोष्टकाचे रूप दिले, आणि आज आपल्याकडे बारावीचा विद्यार्थीही ते भरतो. ‘जर प तर फ’, ‘प किंवा फ’ अशा घडणीच्या विधानात मूळ अक्षरे तीन असतील तर ओळी 8 आणि दहा असतील तर 1024. प्रत्येक ओळीत उत्तर ‘सत्य’ आले तर विधान वैध, एका ओळीत ‘असत्य’ आले तरी अवैध. अक्षरे तीस झाली की ओळी 107 कोटींवर जातात, तीनशे झाली तर साऱ्या विश्वात कागद पुरणार नाही. तरीही कोष्टकाला शेवटची ओळ असते. पुढच्या साऱ्या कथेचे मर्म त्या शेवटच्या ओळीत आहे, कारण अवघड आणि अशक्य यांतली सीमा तिथून जाते.

दरम्यान 1879 मध्ये गोटलोब फ्रेगेने तर्काची भाषाच बदलून टाकली होती. ‘प्रत्येक’ आणि ‘कोणीतरी एक’ हे शब्द आणि वस्तूंमधले संबंध त्याने चिन्हांत आणले. यालाच प्रथम-स्तरीय तर्कशास्त्र म्हणतात. इथे वैध विधान म्हणजे कोणत्याही विश्वात, तिथल्या संबंधांचा कोणताही अर्थ लावला तरी, सत्य ठरणारे विधान. तपासायच्या ओळींच्या जागी आता विश्वे आली, आणि त्यांना गणती नव्हती.

इथे एक घाईचा निष्कर्ष टाळायला हवा, जो पाठ्यपुस्तकांतही भेटतो: विश्वे अनंत, म्हणून निर्णय अशक्य. लिओपोल्ड लोव्हेनहाइमने 1915 सालीच दाखवले होते की केवळ एका वस्तूबद्दल बोलणारी विधेये (‘क्ष माणूस आहे’, ‘क्ष मर्त्य आहे’) वापरली तर अनंत विश्वे असूनही वैधता तपासता येते. विधेये दोन असतील तर त्यांच्या नजरेत वस्तूंचे प्रकार चारच; एकाच प्रकारच्या दोन वस्तूंत फरक करायला भाषेजवळ साधन नाही, त्यामुळे चार वस्तूंपर्यंतची विश्वे तपासली की काम भागते. अॅरिस्टॉटलची संविधाने जवळजवळ सगळी याच सुरक्षित प्रांतात राहतात, आणि मला वाटते, दोन हजार वर्षे तर्कशास्त्र हे पूर्ण झालेले शास्त्र वाटले त्याचे एक कारण हेच असावे.

संकट येते ते ‘क्ष हा य पेक्षा लहान आहे’ अशा दोन वस्तूंच्या संबंधाबरोबर. एक विधान घेऊ: ‘लहान’ हा संबंध पुढे पुढे वाहून नेता येत असेल, म्हणजे क हा ख पेक्षा आणि ख हा ग पेक्षा लहान असेल तेव्हा क हा ग पेक्षाही लहान असेल, आणि प्रत्येक वस्तूपेक्षा मोठे असे काहीतरी असेल, तर कोणीतरी एक वस्तू स्वतःपेक्षाच लहान असेल. दहा वस्तूंच्या विश्वात हे तपासा. एका वस्तूपासून निघून प्रत्येक वेळी मोठ्या वस्तूकडे जात राहिले तर अकराव्या मुक्कामापर्यंत आधीची एखादी वस्तू पुन्हा भेटणारच, आणि संबंध वाहून नेला की ती स्वतःपेक्षा लहान ठरणार. दहाच्या जागी लाख किंवा कोटी वस्तू घेतल्या तरी हीच गत. सान्त विश्वांची तपासणी कितीही लांबवली तरी विधान प्रत्येक वेळी सत्यच निघेल, आणि तरीही ते अवैध आहे, कारण 1, 2, 3… या नैसर्गिक संख्यांच्या विश्वात ते कोसळते. भाषेला अनंत विश्व सक्तीने मागता येऊ लागले, तिथे लोव्हेनहाइमचा आसरा सुटला.

तरी आशा मावळली नव्हती. 1928 साली डेव्हिड हिल्बर्ट आणि विल्हेल्म आकरमान यांनी आपल्या पुस्तकात वैधता ठरवणारी सर्वसामान्य पद्धत शोधणे हा गणिती तर्कशास्त्राचा मुख्य प्रश्न मानला. पाठोपाठ कुर्ट गडेलने सिद्ध केले की प्रत्येक वैध विधानाला औपचारिक सिद्धता असते. तेव्हा सर्व सिद्धता क्रमाने लिहीत गेले की वैध विधान कधीतरी सापडणारच. हे अर्धे उत्तर होते. विधान अवैध असेल तर शोध चालूच राहतो, आणि थांबायचे कधी हे सांगणारे कोणी नाही.

दुसरे अर्धे मिळणारच नाही हे 1936 मध्ये कळले. प्रिन्स्टनमधल्या अलोन्झो चर्चने ते प्रथम प्रसिद्ध केले. केंब्रिजच्या तेवीस वर्षांच्या अॅलन ट्यूरिंगने काही महिन्यांत वेगळ्या वाटेने तेच गाठले. ट्यूरिंगची वाट अधिक बोलकी आहे. कोणतेही गणनयंत्र घ्या. ‘प्रत्येक क्षणाला पुढचा क्षण असतो’, ‘या स्थितीत हे चिन्ह दिसले तर यंत्र असे वागते’, ‘आरंभी पट्टी अशी होती’ ही वाक्ये प्रथम-स्तरीय भाषेत लिहून त्यांपुढे जोडा: ‘तर यंत्र कधीतरी थांबते’. यंत्र खरोखर थांबत असेल तर नियम पायरीपायरीने लावत हा निष्कर्ष प्रत्येक विश्वात निघतो, म्हणून विधान वैध. थांबत नसेल तर त्या यंत्राचा अखंड चाललेला इतिहास हेच ते विश्व, जिथे गृहीतके सत्य आणि निष्कर्ष असत्य. (ट्यूरिंगचा स्वतःचा प्रश्न यंत्र विशिष्ट चिन्ह कधी छापते का, असा होता, थांबण्याची मांडणी नंतरची.) म्हणजे वैधता ठरवणारी पद्धत हाती आली, तर कोणते यंत्र थांबेल हेही ठरवता येईल. मग त्याच पद्धतीच्या आधारे एक उलटे यंत्र बांधा: ते दिलेल्या यंत्राला त्याचेच वर्णन दिले तर ते थांबेल का हे विचारते, आणि उत्तर ‘थांबेल’ आले तर अखंड चालते, ‘थांबणार नाही’ आले तर थांबते. या उलट्या यंत्राला त्याचेच वर्णन दिले की कोणतेही उत्तर खोटे ठरते.

आजचे सॉफ्टवेअर अभियंते हाच इतिहास नकळत जगतात. लाखो अक्षरांची विधाने सोडवणारे प्रोग्राम चिपची तपासणी करतात आणि बहुतेक वेळा मिनिटांत उत्तर देतात. त्या यशाने हुरळून संबंधांची आणि ‘प्रत्येक’ची भाषा वापरली की प्रोग्राम कधी उत्तर देतो, तर कधी वेळेची मुदत संपल्याचे सांगून गप्प बसतो, आणि त्या मौनाचा अर्थ विधान अवैध आहे की आणखी तासभर थांबायला हवे होते, हे बाहेरून ओळखता येत नाही.

यावर हमखास येणारा तोडगा म्हणजे अनंत विश्वे वगळावीत. संगणकातली प्रत्येक गोष्ट सान्तच असते ना? बोरिस त्राख्तेनब्रोटने 1950 मध्येच त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. सर्व सान्त विश्वांत सत्य असणारी विधाने घेतली तर गडेलने मिळवून दिलेला अर्धा दिलासाही जातो, कारण अशा सर्व विधानांना सिद्ध करणारी कोणतीही यंत्रवत पद्धत असू शकत नाही. डेटाबेस नेहमी सान्त असतो. तरीही त्याला विचारलेले दोन प्रश्न प्रत्येक वेळी तेच उत्तर देतील का, हे भाषेची पूर्ण मुभा असताना सर्वसाधारणपणे ठरवता येत नाही. नकार आणि ‘प्रत्येक’ वगळून केवळ ‘आणि’ व ‘कोणीतरी’ यांच्यावर भागवले तर येते, हे अशोक चंद्रा आणि फिलिप मर्लिन यांनी 1977 मध्ये सिद्ध केले. लोव्हेनहाइमप्रमाणेच, भाषा आखडती घेऊन.