विश्लेषण : भाषांतराची फेरी मारून आणलेला मजकूर ‘आपला’ होतो का?

दुसऱ्याचा मजकूर उचलायचा, भाषांतराच्या ॲपमधून तो इंग्रजीत किंवा हिंदीत न्यायचा आणि तिथून पुन्हा मूळ भाषेत आणायचा. शब्द बदललेले असतात, त्यामुळे चोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टक्केवारी कमी दिसते. प्रकल्प अहवाल, प्रबंध, संकेतस्थळांवरचे लेख, इतकेच काय समाजमाध्यमांवरच्या पोस्टसाठीही ही युक्ती सर्रास वापरली जाते. पण या फेरीत मजकुराचे नेमके काय होते? चोरी उघडी कशी पडते? आणि एकही वाक्य जसेच्या तसे नसताना तो गैरप्रकार का ठरतो?

या फेरीत मजकूर बिघडतो कसा?

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, कोणीतरी लिहिले आहे : ‘सातबारा मामांच्या नावावर होता. यंदा गाळप हंगाम उशिरा सुरू झाला आणि त्यांचा ऊस फडातच वाळला.’

आता हा मजकूर इंग्रजीत नेऊ. मामांसाठी इंग्रजीत शब्द आहे ‘अंकल’. काका, मामा, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान या सगळ्यांना तिथे एकच शब्द. गाळप झाले ‘क्रशिंग’. ऊस झाला ‘केन’. सातबाऱ्याच्या उताऱ्याला म्हटले ‘एक्स्ट्रॅक्ट’. इंग्रजी वाचणाऱ्याला यात काहीही खटकणार नाही. इथपर्यंतचे भाषांतर बरोबरच आहे.

घोटाळा होतो तो परतीच्या वाटेवर. ‘अंकल’ म्हणजे मूळचे मामा होते हे आता मजकुरात कुठेच नोंदलेले नाही. यंत्र जो अर्थ जास्त प्रचलित वाटतो तो उचलते आणि मामांचे काका होतात. ‘क्रशिंग’चे गाळप होण्याऐवजी ‘चिरडणे’ होऊ शकते. ‘केन’चा दुसरा अर्थ छडी. ‘एक्स्ट्रॅक्ट’चा दुसरा अर्थ अर्क. मग हाती येते ते असे काहीतरी : ‘सात-बारा अर्क काकांच्या नावे होता. या वर्षी चिरडण्याचा हंगाम उशिरा सुरू झाला आणि त्यांची छडी शेतातच सुकली.’

यातली प्रत्येक चूक एकाच कारणाने झाली आहे. दोन भाषांतल्या शब्दांच्या सीमा एकमेकींवर तंतोतंत बसत नाहीत. जाताना मराठीतले चार अर्थ इंग्रजीच्या एका शब्दात कोंबले जातात आणि येताना त्या एका शब्दातून चारांपैकी कोणता तरी एक बाहेर काढावा लागतो. मराठीत ‘आपण’ म्हटले की ऐकणाराही त्यात येतो, ‘आम्ही’ म्हटले की तो वगळला जातो. इंग्रजीत दोन्हींसाठी ‘वी’. फेरी मारून आलेल्या मजकुरात ‘आपण ठरवूया’चे ‘आम्ही ठरवू’ झाले, तर वाक्य व्याकरणाने शुद्धच राहते, पण वाचक त्यातून बाहेर फेकला जातो. अशी चूक चटकन डोळ्यांत भरत नाही, म्हणून ती छडीपेक्षा जास्त फसवी.

संज्ञा सर्वांत आधी का मोडतात?

रोजच्या वाक्यात एका शब्दाऐवजी दुसरा वापरला तरी अर्थ बहुधा निभावतो. ‘सुरू झाला’ काय आणि ‘प्रारंभ झाला’ काय. पण ‘गाळप हंगाम’, ‘सातबारा उतारा’ या जोड्या व्यवहाराने गोठवलेल्या आहेत. त्यातला एक शब्दही बदलता येत नाही. उतारा आणि अर्क हे एका इंग्रजी शब्दाचे दोन अर्थ असतील, पण तलाठी कार्यालयात जाऊन कोणी सातबाऱ्याचा अर्क मागत नाही.

विज्ञानात अशा गोठलेल्या जोड्या पानोपानी असतात. त्यामुळे फेरीतून काढलेला शोधनिबंध सर्वांत आधी तिथेच फुटतो. याचे गाजलेले उदाहरण २०२१ मध्ये समोर आले. गियोम कबानाक, सिरिल लाब्बे आणि अलेक्झांडर मागाझिनोव्ह या तीन संशोधकांना नामांकित नियतकालिकांतल्या इंग्रजी शोधनिबंधांत काही विचित्र शब्दप्रयोग आढळले. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ या सर्वज्ञात संज्ञेऐवजी ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ म्हणजे ‘बनावट शुद्ध’. ‘बिग डेटा’ऐवजी ‘कोलॉसल इन्फर्मेशन’ म्हणजे ‘अवाढव्य माहिती’. स्तनांच्या कर्करोगासाठी ‘बूझम पेरिल’, म्हणजे ‘उराचे संकट’. या विषयात काम करणारा कोणीही माणूस हे शब्द स्वतःहून लिहिणार नाही. या संशोधकांनी अशा शब्दांना नाव दिले ‘टॉर्चर्ड फ्रेजेस’, म्हणजे छळ करून वाकवलेले शब्दप्रयोग.

असे शब्द दोन वाटांनी जन्माला येतात. एक, भाषांतराची फेरी. दुसरी, मजकुरातले शब्द आपोआप समानार्थी शब्दांनी बदलणारे सॉफ्टवेअर. तयार निबंधाकडे पाहून यांपैकी कोणती वाट वापरली हे दर वेळी सांगता येत नाही. पण दोन्हींचे वर्म एकच : शब्द बदलणाऱ्याला त्या दोन शब्दांची मिळून एक संज्ञा आहे हे ठाऊक नसते.

मग चोरी पकडली कशी जाते?

साम्य शोधणारे सॉफ्टवेअर मुख्यतः सलग जुळणाऱ्या शब्दांच्या साखळ्या शोधते. फेरीमुळे या साखळ्या तुटतात, म्हणून टक्केवारी उतरते. पण ज्या युक्तीने साखळी तुटते तीच युक्ती नवा पुरावा मागे ठेवते. ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ हा शब्द इतका दुर्मीळ आहे की तो सरळ शोधता येतो. कबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच केले. वाकवलेल्या शब्दांची यादी केली आणि प्रकाशित निबंधांत ते शोधणारी ‘प्रॉब्लेमॅटिक पेपर स्क्रीनर’ ही यंत्रणा उभी केली. ती फक्त संशयित निबंध पुढे काढते. पुढची तपासणी माणसे करतात.

ती तपासणी कशी होते, हे आपल्या उसाच्या उदाहरणातच दिसते. मूळ आणि फेरीनंतरचा मजकूर शेजारी ठेवा. शब्द जवळपास सगळे वेगळे आहेत. पण आधी सातबारा, मग हंगामाचा उशीर, मग उसाचे वाळणे हा क्रम तोच आहे. वाक्ये तितकीच आहेत. कारण आणि परिणाम तेच. मोठ्या लेखात यात आकडेवारी, तक्ते, उदाहरणे आणि संदर्भांचा क्रम यांची भर पडते. भाषांतराच्या यंत्राला शब्द बदलता येतात, मांडणी बदलता येत नाही. आणि ‘छडी’च्या जागी ‘ऊस’ ठेवला की वाक्याला लगेच अर्थ येत असेल, तर मूळ शब्द कोणता होता हेही सिद्ध होते.

इथे एक सावधगिरी हवी. एखादा विचित्र शब्द म्हणजे चोरीचा पुरावा नव्हे. गडचिरोलीतल्या एखाद्या विद्यार्थिनीने स्वतःचे निष्कर्ष मराठीत लिहिले आणि ते यंत्राच्या मदतीने इंग्रजीत नेले, तर तिच्या निबंधातही असे शब्द येऊ शकतात. ती भाषेची चूक आहे, उचलेगिरी नाही. फरक ठरतो तो एकाच गोष्टीवर : त्या मजकुरामागे दुसऱ्या कोणाचा, श्रेय न दिलेला मजकूर सापडतो का? तो शेजारी ठेवता आला तरच आरोप टिकतो.

शब्द वेगळे आहेत, मग गैरप्रकार कसा?

कारण उचलेगिरीची व्याख्या शब्दांपुरती नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत ती साधारण अशी आहे : दुसऱ्याचे काम किंवा कल्पना घेऊन ती स्वतःची म्हणून मांडणे. यात ‘काम’ आणि ‘कल्पना’ हे दोन शब्द महत्त्वाचे. ऊस का वाळला हे शोधून काढण्याची मेहनत ज्याने केली, तिचे श्रेय त्याचे. त्या मेहनतीवर दुसरे शब्द चढवल्याने ती आपली होत नाही.

गोंधळ होतो तो टक्केवारीमुळे. याच नियमावलीत साम्याचे स्तर आहेत. १० टक्क्यांपर्यंत किरकोळ साम्य, दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या मुदतीत दुरुस्त प्रबंध द्यावा लागतो. ४० ते ६० टक्क्यांना एक वर्ष दुरुस्त प्रबंध देता येत नाही. ६० टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द होते. त्यामुळे अनेक विद्यार्थ्यांना वाटते की १० टक्के म्हणजे पास होण्याची रेषा आणि कसेही करून तिच्याखाली आले की झाले. पण सॉफ्टवेअर मोजते ते जुळलेले शब्द. प्रामाणिकपणा मोजणारे यंत्र नाही. अवतरणचिन्हांत, श्रेय देऊन घेतलेला उतारा नियमावलीनुसार साम्याच्या मोजणीतून वगळला जातो. उलट फेरीतून काढलेला मजकूर अहवालात शून्य टक्के दाखवूनही पूर्ण चोरलेला असू शकतो.

फेरीची गोष्ट तर आणखी अडचणीची आहे. अवतरणचिन्ह विसरणे किंवा टिपण काढताना मूळ वाक्य तसेच राहणे हे नजरचुकीने घडू शकते. मजकूर एका भाषेत नेऊन परत आणणे नजरचुकीने घडत नाही. ‘मला नियम ठाऊक नव्हता’ हा बचाव त्यामुळे लंगडा पडतो. शिवाय भाषांतर हा स्वतंत्र कायदेशीर हक्कही आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार एखाद्या साहित्यकृतीचे भाषांतर करण्याचा हक्क कॉपीराइटधारकाकडे असतो. म्हणजे इंग्रजी लेख मराठीत आणून स्वतःच्या नावाने पोस्ट करणे हेही ‘शब्द तर माझे आहेत’ म्हणून सुटत नाही.

वाचणाऱ्याचे यात काय बिघडते?

श्रेयाचा वाद बाजूला ठेवला तरी नुकसान उरतेच. ‘किडनी फेल्युअर’चे ‘किडनी डिसअपॉइंटमेंट’, म्हणजे मूत्रपिंड निकामी होण्याचे ‘मूत्रपिंडाची निराशा’ झाले, तर वाचक हसून सोडून देईल. पण जिथे चूक हसण्यासारखी दिसत नाही तिथे ती तशीच पुढे जाते. मामांचे काका झाले की वारसाहक्काचा अर्थ बदलतो. आरोग्याच्या लेखात एखादी संज्ञा बदलली की सल्ला बदलतो. मूळ लेखकाचे नाव काढून टाकलेले असल्याने खरे काय होते हे तपासायला वाचकाला परतीची वाटही राहत नाही.

यंत्रे सुधारत आहेत. मोठ्या भाषांमध्ये फेरी मारून आलेला मजकूर आता पूर्वीपेक्षा सफाईदार असतो आणि छडीसारख्या चुका कमी होतात. म्हणजे पुढच्या काळात विचित्र शब्दांवरून चोरी पकडणे कठीण होईल आणि मांडणी, संदर्भ, आकडे यांच्याकडेच पाहावे लागेल. पण गैरप्रकार ठरण्याचे कारण विचित्र शब्द हे कधीच नव्हते. ते फक्त सापडण्याचे कारण होते.

ज्याला दुसऱ्याची माहिती खरेच वापरायची आहे त्याच्यासाठी रस्ता फेरीपेक्षा जवळचा आहे. मूळ लेख वाचावा, तो मिटवून समजले ते आपल्या वाक्यांत लिहावे, संज्ञा आहेत तशा ठेवाव्यात आणि माहिती कोणाची हे सांगावे. मग मामा मामाच राहतात आणि ऊसही ऊस.