दशांशाखालचे दूध

दूध संस्थेच्या दारात सकाळी उभा राहणारा सभासद दोन आकडे कानांनी ऐकतो आणि तेच चिठ्ठीवर पाहतो : लिटर आणि फॅट. पंधरा दिवसांनी त्याच्या हाती पडणारे बिल या आकड्यांच्या तीस जोड्यांतून तयार होते. चर्चा होते ती फॅटची. यंत्र बरोबर आहे का, नमुना नीट ढवळून घेतला का, यावर गावोगाव वाद झडतात आणि ते झडलेच पाहिजेत. लिटरच्या रकान्याकडे मात्र कोणी संशयाने पाहत नाही. वस्तुतः लहान उत्पादकाचे नुकसान तेथे मुकाट्याने होत असते.

एक उदाहरण घ्यावे. सहा फॅटला लिटरमागे ५० रुपये आणि पुढील प्रत्येक दशांशाला ८० पैसे असे दरपत्रक आहे, असे धरू. म्हशीच्या दुधाला ६.५ फॅट लागली, तर दर ५४ रुपये होतो. काटा २.४८ लिटर दाखवतो, नोंदवहीत २.४ चढते. १३३ रुपये ९२ पैशांऐवजी १२९ रुपये ६० पैसे जमा होतात. ४ रुपये ३२ पैसे गेले, पण कोणी चोरले असे म्हणता येत नाही. दशांशापुढचा आकडा सोडून देण्याची ती ‘पद्धत’ आहे. पत्र्याच्या मापांच्या काळात शंभर मिलिलिटरखाली मोजणेच कठीण होते, तेव्हाची ही सवय. आता काटा दहा मिलिलिटर दाखवतो, हिशेब संगणक करतो, तरी अनेक ठिकाणी ती टिकून आहे.

सोडलेला आकडा कधी शून्य असतो, कधी नऊ. सरासरीने प्रत्येक वेळी ४५ मिलिलिटर दूध नोंदीबाहेर राहते. पंधरवड्याच्या तीस वेळांत ते १.३५ लिटर होते, म्हणजे या दराने सुमारे ७३ रुपये. कपात खेपेमागे होते, लिटरमागे नव्हे. वेळेला दोन लिटर घालणाऱ्या भूमिहीन बाईचे साठ लिटरांतून १.३५ लिटर जाते आणि वेळेला वीस लिटर घालणाऱ्या बागायतदाराचे सहाशे लिटरांतून तेवढेच. तिचे नुकसान शेकडा सव्वादोन, त्याचे पाव टक्क्याहूनही कमी. (दूध आणणारी बाई असते, सभासदत्व बहुधा नवऱ्याच्या नावावर, त्यामुळे विचारण्याचा अधिकारही तिच्यापाशी नसतो.)

हे दूध संस्थेच्याच पदरात पडते, अखेर ते सभासदांचेच, असे उत्तर संचालक देतात. ते तपासून पाहण्यासारखे आहे. असे नऊ लहान सभासद आणि एक मोठा मिळून एक संस्था कल्पावी, सर्वांची फॅट सारखीच धरावी. नोंदीबाहेरचे दूध साडेतेरा लिटर होते. ते संघाला विकून आलेला वाढावा दिवाळीला ‘फरक’ म्हणून घातलेल्या दुधाच्या प्रमाणात वाटला, तर मोठ्याला सुमारे सात लिटरांची किंमत मिळते आणि प्रत्येक लहानाला अवघ्या पाऊण लिटराच्या आतबाहेरची. १.३५ लिटर देऊन एकाने सात मिळवले, नऊ जणांनी तेवढेच देऊन निम्मे परत घेतले. एक पैशाचाही अपहार न होता गरिबाचे दूध श्रीमंताच्या घरी पोहोचते आणि वर लेखापरीक्षकाचा निर्वेध शेरा मिळतो.

कॅनला दूध चिकटते, सांडते, संघाच्या मापात थोडी तूट येते, हे खरे आहे. त्यासाठी तरतूद हवीच. पण ती लिटरमागे अमुक पैसे अशी उघड असावी, म्हणजे ज्याचे दूध जास्त त्याच्यावर भार जास्त पडेल.

आपल्या संस्थेत काय चालते हे ओळखणे अवघड नाही. एका दिवसाच्या सर्व सभासदांच्या लिटरांची बेरीज करावी आणि संघाकडे गेलेले व गावात विकलेले दूध मिळवून तिच्यापुढे मांडावे. मोजणी प्रामाणिक असेल तर फरक लहान राहतो, कधी वर, कधी खाली. महिनाभर रोज वाढच दिसली, आणि ती खेपांच्या संख्येला ४५ मिलिलिटरने गुणून येते तिच्या जवळपास असली, तर दूध कोठून आले हे उघड आहे. बिलावर फक्त एकूण लिटर आणि सरासरी फॅट छापून देण्याची रीत असेल, तर त्यावरून काहीच पडताळता येत नाही; रोजच्या तीस नोंदी मागाव्यात. स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी पाहण्याचा अधिकार सभासदाला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ ने दिलेला आहे.

दुसरा दशांश ठेवावा की सोडावा, हे संगणकाच्या कार्यक्रमात एकदाच ठरवले जाते. ते कोणी ठरवले, हे बहुतेक गावांत सचिवालाही सांगता येत नाही. येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर ‘फरक किती टक्के’ या विषयाच्या आधी हा विषय लेखी घालण्याचे काम दूध उत्पादकांत वावरणाऱ्या कार्यकर्त्यांनी हाती घ्यावे, आणि त्या सभेला दोन लिटरवाल्या घरांतील बायकांना घेऊन जावे.