कोर्टानं सोडलं, तरी नोकरी गेली; असं कसं?

एखादा सरकारी कर्मचारी लाच घेताना पकडला जातो. पुढे काही वर्षांनी कोर्टात तो निर्दोष सुटतो, पण खातं मात्र त्याला घरी पाठवतं. मग पारावर एकच चर्चा, "कोर्टाला जे पटलं नाही, ते साहेबाला कसं पटलं?" प्रश्न रास्त आहे. उत्तर पुराव्याच्या मापात आहे, कारण दोन्हीकडचं माप वेगळं असतं.

फौजदारी कोर्टात माणसाला तुरुंगात पाठवायचं असतं. म्हणून गुन्हा वाजवी शंकेपलीकडे सिद्ध व्हावा लागतो. शंकेला जागा राहिली की आरोपीला फायदा मिळतो. विभागीय चौकशीत प्रश्न एवढाच असतो की हा माणूस नोकरीत ठेवण्यासारखा आहे का. तिथे दोन शक्यतांपैकी कोणती जास्त खरी वाटते, एवढं पाहिलं जातं. तराजूचं एक पारडं स्पष्ट झुकलं तरी पुरतं.

याचं गाजलेलं उदाहरण हरियाणातलं आहे, आणि एसटीनं फिरणाऱ्या आपल्या लोकांना ते लगेच कळेल. तिथल्या सरकारी बसमध्ये तपासणी पथकाला 11 प्रवासी विनातिकीट सापडले आणि कंडक्टरची नोकरी गेली. तो कोर्टात गेला. म्हणाला, त्या 11 पैकी एकालाही साक्षीला आणलं नाही. खालच्या कोर्टांनी त्याचं ऐकलं. पण 1977 मध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल फिरवला. तपासणी करणारा निरीक्षक स्वतः साक्षीला आला होता, आणि ऐकीव माहितीसुद्धा विश्वासार्ह व प्रकरणाशी जुळणारी असेल तर खात्याच्या चौकशीत चालते, असं कोर्टानं सांगितलं. पुराव्याचा कायदा तिथे काटेकोर लागू होत नाही.

म्हणजे साहेबाच्या मनात आलं की बडतर्फ, असं मात्र नाही. राज्यघटनेच्या कलम 311 प्रमाणे आरोप कळवल्याशिवाय आणि बाजू मांडायची वाजवी संधी दिल्याशिवाय सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही. (अपवाद थोडे आहेत. फौजदारी गुन्ह्यात शिक्षाच झाली, तर वेगळी चौकशी लागत नाही.) आपल्याकडे तलाठ्यासारख्या राज्य कर्मचाऱ्यांना 1979 चे शिस्त व अपील नियम लागू आहेत, तर जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांचे नियम 1964 चे. क्रम साधारण सारखाच. आधी दोषारोपपत्र देतात. त्यात आरोप, त्यामागची हकीकत, कागदांची यादी आणि साक्षीदारांची यादी असते. आरोप नाकारले तर चौकशी अधिकारी नेमतात. खात्याची बाजू सादरकर्ता अधिकारी मांडतो. कर्मचारी बचाव सहायक घेऊ शकतो आणि साक्षीदारांची उलटतपासणीही करू शकतो. अहवालाची प्रत त्याला मिळते, त्याचं म्हणणं घेतात आणि मगच शिक्षा ठरते. निलंबन ही शिक्षा नव्हे, हे आपल्याकडे अजून अनेकांना ठाऊक नाही.

खरी गळती होते साक्षीच्या पायरीला. 2008 साली एका सरकारी बँकेच्या कर्मचाऱ्याच्या प्रकरणात खात्यानं पोलिसांनी गोळा केलेले कागद आणि पोलिसांपुढचा कबुलीजबाब यांवरच भिस्त ठेवली. ते कागद सिद्ध करायला एकही साक्षीदार तपासला नव्हता. सुप्रीम कोर्टानं कारवाई रद्द केली. माप हलकं असलं, तरी पारड्यात काहीतरी टाकावं लागतंच.

आता गावात या. समजा, फेरफार नोंदीसाठी तलाठ्यानं 5 हजार मागितले आणि सापळा लागला. खटला उभा राहीपर्यंत तक्रारदार फिरला, म्हणाला, "पैसे मागितल्याचं आठवत नाही." मागणीच सिद्ध झाली नाही, तर फौजदारी खटला बहुतेक कोसळतो. खात्यापुढे मात्र पंच येऊन सांगू शकतो की मागणी मी ऐकली, पैसे त्याच्याच खिशातून निघाले. कारण नसताना रोखून धरलेली नोंद कागदावर दिसते. एवढ्यावर दोष सिद्ध धरता येतो. पण चौकशीत पंचही आला नाही, फक्त पंचनामा जोडला, तर पुढे न्यायाधिकरणात तो आदेश टिकणं अवघड. दोन्हीकडे पुरावा अगदी तोच असेल आणि कोर्टानं तो खोटा ठरवून सन्मानानं सोडलं असेल, तरीही खात्याची शिक्षा रद्द होऊ शकते. केवळ संशयाचा फायदा मिळून सुटणं वेगळं.

तक्रार करणाऱ्याचं स्थान इथे फक्त साक्षीदाराचं असतं. शिक्षा कमी वाटली म्हणून त्याला या नियमांखाली अपील करता येत नाही. पण चौकशीची नोटीस आली आणि तो गेलाच नाही, तर त्याच्या अर्जाचं वजन उरत नाही. अर्जात "नेहमी पैसे मागतो" एवढंच लिहिण्यापेक्षा कोणत्या तारखेला, कोणत्या गटाच्या नोंदीसाठी, कोणासमोर मागितले, हे लिहिलेलं असेल तर बचाव सहायकाच्या उलटतपासणीत माणूस गडबडत नाही.