गळ ओळखायला मासा धरावा लागत नाही

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी पासवर्डच्या सवयी आणि फिशिंग या विषयावर प्रकल्प करावा, असे आमच्या वर्गाने यंदा ठरवले. फिशिंग म्हणजे खोटा संदेश गळासारखा टाकून माणसाकडून पासवर्ड किंवा ओटीपी काढून घेणे. पहिल्याच बैठकीत सूचना आली की, आपणच शिष्यवृत्तीचा एक खोटा संदेश त्या मुलांना पाठवू, किती जण फसतात ते मोजू आणि मग व्याख्यान देऊ. मी या सूचनेला विरोध केला. तो का केला, हे येथे मांडते.

त्या मुलांपैकी बहुतेक अठरा वर्षांच्या आतली आहेत, आणि आमच्यासारख्या घरांत खाते एकट्या विद्यार्थ्याचे नसतेच. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. माझ्या अर्जावर नंबर वडिलांचा आहे व ओटीपी त्यांच्याच फोनवर येतो. म्हणजे चाचणी मुलीची म्हणायची, आणि शेतात काम करणाऱ्या बापाने घाबरायचे! शिवाय एकदा आपणच खोटा संदेश पाठवला, की महाविद्यालयाच्या खऱ्या सूचनेवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

म्हणून मी सुचवलेला प्रकल्प कागदावरचा आहे. दहा पत्ते करायचे. पाचांवर खऱ्यासारखा संदेश, पाचांवर खोटा. विद्यार्थ्याने प्रत्येकावर ‘खरा’ की ‘खोटा’ हे लिहायचे, आणि कशावरून, तेही लिहायचे. स्वतःचे नाव मात्र लिहायचे नाही. त्यातला एक पत्ता पाहा. ‘आज रात्रीपर्यंत माहिती भरा, नाहीतर शिष्यवृत्ती रद्द’ असा मजकूर आणि खाली हा दुवा :

```
https://mahadbt.maharashtra.gov.in.scholarship.example/login
```

सरकारी नाव डोळ्यांना दिसते आणि मन निश्चिंत होते. पण दुव्याचा मालक डावीकडे नसतो. `https://` नंतर येणारी पहिली तिरकी रेघ शोधावी आणि तिथून मागे, डावीकडे वाचत यावे. खऱ्या संकेतस्थळाच्या नावाचा शेवट `gov.in` असा होतो. येथे शेवट `scholarship.example` असा आहे. त्याआधीचे सारे नाव मालकाला वाटेल तसे लिहिता येते. सुरुवातीच्या `https` वरूनही खरेपणा ठरत नाही, कारण मधल्या वाटेत कोणी मजकूर वाचू नये एवढीच हमी त्यात असते. पलीकडे चोर बसला असेल तर तीही चोरापर्यंत सुरक्षितच पोहोचवते. आणि `.example` हा शेवट केवळ उदाहरणांसाठी राखून ठेवलेला आहे. तो कोणालाही विकत घेता येत नाही, म्हणून एखाद्याने कुतूहलाने हा दुवा टाइप केला तरी तो कुठेच पोहोचणार नाही.

गुण देताना दोन्ही चुका वेगळ्या मोजाव्यात. सगळ्याच पत्त्यांवर ‘खोटा’ लिहिणारा पाचही गळ ओळखतो, पण पाचही खरे संदेश फेकून देतो. त्याला सावध म्हणता येणार नाही, कारण उद्या अर्जातील त्रुटी दुरुस्त करण्याची खरी सूचना आली तर त्याची शिष्यवृत्ती बुडेल. शिकवून झाल्यावर पुन्हा चाचणी घ्यायची, ती नव्या पत्त्यांवर. नाहीतर आपण समज नव्हे, पाठांतर मोजू.

पासवर्डच्या बाबतीतही कोणाला ‘तुझा कोणता?’ म्हणून विचारायचे नाही. एक कल्पित संगीता घ्यावी : जन्म २००९, पासवर्ड `Sangita@2009`. मोठे अक्षर, चिन्ह, आकडे, सर्व नियम पाळलेले. तरी तिचे नाव आणि वय जाणणारा तो सहज ओळखील. आता पुढचा प्रश्न विचारावा : हा पासवर्ड तिला कोणी करून दिला? आपल्याकडे पुष्कळदा फॉर्म भरून देणारा दुकानदारच तो करून देतो आणि स्वतःच्या वहीत लिहून ठेवतो. तोच पासवर्ड संगीताने ईमेललाही ठेवला, तर ती वही ज्याच्या हाती पडेल त्याला दोन्ही दारे उघडी. तिने काय करावे, हे मुलांनीच सांगावे : अर्ज भरून झाल्यावर पासवर्ड स्वतः बदलावा, ईमेलचा वेगळा ठेवावा, आणि तो असंबद्ध चार-पाच शब्दांचा, लांब असावा.

कोणी म्हणेल, कागदावर शहाणा असलेला माणूस फोनवर घाईत फसणारच. हा आक्षेप मला मान्य आहे. कागदावर ओळख मोजली जाते, वागणूक नाही. म्हणून आमच्या अहवालात ‘इतके टक्के विद्यार्थी फसतील’ असे वाक्य येता कामा नये. ‘इतक्या जणांना दुवा मागून वाचता आला’ एवढेच यावे. विधान लहान आहे, पण ते खरे असेल, आणि त्यासाठी कोणाच्याही घरात भीतीचा फोन वाजलेला नसेल.