टँकरच्या पाटीवरचे चार आकडे

१३ जून २०२३ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खंडाळ्याजवळच्या कुणे पुलावर एक टँकर उलटला आणि पेटला. चार जणांचा जीव गेला. त्यातले काही जण द्रुतगती मार्गावर नव्हतेच. ते पुलाखालच्या रस्त्यानं जात होते आणि पेटतं रसायन वरून खाली सांडलं. त्या दिवशीच्या बातम्यांत हा टँकर आधी ‘तेलाचा’ होता, मग ‘केमिकलचा’ झाला, मग मिथेनॉलचं नाव आलं. बातमीत असं होणं समजू शकतं. पण अग्निशमन दलाला आपण जो पहिला फोन करतो, त्यातही ‘कसला तरी टँकर पलटी झालाय’ एवढंच सांगितलं जातं. तेवढं पुरत नाही.

घातक माल नेणाऱ्या प्रत्येक टँकरवर त्या मालाची ओळख लिहिलेली असते, निदान असायला हवी. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १३४वा नियम सांगतो की आपत्कालीन माहितीची पाटी टँकरच्या दोन्ही बाजूंना आणि मागे, अशी तीन ठिकाणी लावायची. तिच्यावर मालाचं नेमकं नाव, धोक्याचं चौकोनी चिन्ह, अपघात झाल्यास कुणाला फोन करायचा तो नंबर, आणि माल पाठवणाऱ्याचा किंवा मालाची जाण असलेल्या माणसाचा नंबर असतो. चिन्ह टोकावर उभं असतं, त्यामुळे ते पतंगासारखं दिसतं. ते २५० मिलिमीटरपेक्षा लहान असता कामा नये. नावाची आणि फोनची अक्षरं निदान ५० मिलिमीटर उंच हवीत. ही मापं अशासाठी, की पाटी लांबूनच वाचता यावी.

याच पाटीवर इंग्रजी आकड्यांत एक चार अंकी नंबर असतो. तो यूएन नंबर. जगभर त्या पदार्थाला तोच नंबर असतो. माझी पहिली विनंती या चार आकड्यांसाठी आहे. पेट्रोलचा नंबर १२०३. मिथेनॉलचा १२३०. शेवटचे दोन अंक उलटसुलट झाले की पदार्थच बदलतो.

आणि बदलतो म्हणजे विझवण्याची रीतही बदलते. पेट्रोल पाण्यावर तरंगतं. म्हणून त्याच्यावर फेसाचा थर अंथरतात, तो थर वाफ दाबून धरतो आणि आग गुदमरते. मिथेनॉल मात्र पाण्यात पूर्ण मिसळतं. साधा फेस त्याच्यावर टिकत नाही, फेसातलं पाणीच ते ओढून घेतं. त्याला अल्कोहोलला दाद न देणारा वेगळा फेस लागतो, आणि तो आणायचा तर दलाला आधी कळायला हवं. शिवाय मिथेनॉलची ज्योत फिकट निळी असते. भर उन्हात ती जवळजवळ दिसत नाही. ‘आग विझली वाटतं’ म्हणून कुणी पुढे गेला तर तो आगीतच पाऊल टाकतो. त्याची वाफही विषारी असते. म्हणून फोनवर नंबर सांगताना एकेक अंक सुटा सांगा: एक, दोन, तीन, शून्य. ‘बाराशे तीन’ आणि ‘बाराशे तीस’ हे गोंगाटात सारखेच ऐकू येतात.

पाटी वाचायला जवळ मात्र जायचं नाही. वारा ज्या दिशेनं येतोय त्या अंगाला, चढाच्या बाजूला, लांब उभं राहून मोबाइलच्या कॅमेऱ्यानं मोठं करून बघा. टँकर पाटीच्या कुशीवर पडला असेल तर दुसऱ्या बाजूची किंवा मागची पाटी दिसते का ते तसंच लांबूनच पाहा. नाही दिसली तर सोडून द्या. तेव्हा टँकरचा आकार सांगा. लांबट, दोन्ही टोकांना घुमट असलेली गोल टाकी असेल तर ती बहुतेक दाबाखालच्या गॅसची. पतंगाच्या चिन्हाचा रंग दिसला तर तो सांगा: लाल म्हणजे पेट घेणारा माल, पांढऱ्यावर कवटी म्हणजे विषारी, वर पांढरं खाली काळं म्हणजे आम्लासारखा जाळणारा. एवढ्यावरही दल योग्य तयारीनं निघू शकतं.

आता १०७५ या नंबराबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्या रस्त्यांवर तो रोज दिसतो. हा स्वयंपाकाच्या गॅसचा, एलपीजीचा. २० डिसेंबर २०२४ च्या पहाटे जयपूर-अजमेर महामार्गावर भांकरोट्याजवळ एलपीजीचा टँकर वळत असताना त्याला ट्रकची धडक बसली. टाकी फुटली नाही. गॅस काढण्याची तोंडं तुटली आणि तेवढ्यातून गॅस सुटला. थोड्याच वेळात तो पेटला आणि आसपासची कितीतरी वाहनं, त्यात प्रवाशांनी भरलेली बससुद्धा, जळाली. वीसच्या आसपास माणसं गेली. धडकेनं नव्हे, तर धडक आणि आग यांच्या मधल्या गॅसनं हा घात केला.

मोठ्या टँकरात १७-१८ टन एलपीजी द्रवरूपात असतो. बाहेर पडला की त्याच्या एका लिटरचा साधारण अडीचशे लिटर वायू होतो. हा वायू हवेपेक्षा जड असतो, वर जात नाही. रस्त्यालगत, गटारात, मोरीत, घाटात दरीच्या अंगाला तो जमिनीलगत सरकत राहतो. सुटताना आजूबाजूची हवा गार होऊन पांढरं धुकं दिसतं. लोक त्या धुक्याच्या कडेशी उभे राहतात आणि समजतात की आपण बाहेर आहोत. ते धुकं म्हणजे गारठलेली वाफ आहे, गॅस त्याच्या पुढेही पसरलेला असतो. हवेत त्याचं प्रमाण अवघं दोन टक्के झालं की एक ठिणगी पुरते. गाडीची चावी फिरवणं, विडी पेटवणं, ढाब्यावरची चूल, यातलं काहीही ती ठिणगी देऊ शकतं.

म्हणून पुढे टँकर आडवा दिसला आणि पांढरं धुकं किंवा फुसफुस आवाज जाणवला, तर गाडी पुढे दामटू नका, वळवण्याच्या खटपटीतही पडू नका. इंजिन बंद करा, सगळ्यांना खाली उतरवा आणि वाऱ्याच्या उलट किंवा आडव्या दिशेनं, चढाकडे चालत निघा. बंद केलेली गाडी पुन्हा चालू करायची नाही. फोन गॅसच्या पट्ट्यातून बाहेर पडल्यावर करायचा. ११२ किंवा अग्निशमन दलाचा १०१. एलपीजी गळतीसाठी १९०६ हा वेगळा नंबरही आहे. गळती चालू असेल तर निदान शंभर मीटर तरी लांब राहा, वाऱ्याच्या खालच्या अंगाला असाल तर त्याहून कितीतरी जास्त. टाकीखाली आग लागली असेल तर मात्र दीड किलोमीटरसुद्धा जास्त नाही. तापलेली टाकी फुटते तेव्हा तिचे पत्रे शेकडो मीटर उडतात. सुरक्षा झडपेची शिटी चढत चाललेली ऐकू आली तर तिथे थांबून चित्रीकरण करणारा माणूस स्वतःचा शेवट चित्रित करत असतो, हे मी कळकळीनं सांगतो.

पेट्रोलचा टँकर उलटला की कॅन घेऊन धावणारे लोक आपल्याकडेही आहेत. २५ जून २०१७ रोजी पाकिस्तानात बहावलपूरजवळ असेच लोक जमले होते. सांडलेलं पेट्रोल भरून घेताना भडका उडाला आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. यापुढे मला काही जोडायचं नाही.

आता टँकर चालवणाऱ्याबद्दल. असा माल नेणाऱ्या ड्रायव्हरला राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातली एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यावी लागते. त्याला घातक मालाचं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि परवान्यावर तशी नोंद करून घ्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनुसार असा परवाना तीन वर्षं चालतो आणि नूतनीकरणापूर्वी एक दिवसाची उजळणी सक्तीची आहे. केबिनमध्ये त्या मालाची लेखी सूचनापत्रिका ठेवावी लागते. तिला या धंद्यात ट्रेम कार्ड म्हणतात. गळती झाली तर काय करायचं, आग लागली तर काय, अंगावर पडलं तर काय, हे त्यावर असतं. मला खटकतं ते हे की काही ठिकाणी हे कार्ड गाडीच्या कागदपत्रांच्या फायलीत बांधलेलं राहतं आणि ड्रायव्हरनं ते एकदाही वाचलेलं नसतं. दुसऱ्याच मालाचं जुनं कार्ड सापडलं तर ते नसण्यापेक्षा वाईट.

इथे माझी विनंती एमआयडीसीतल्या छोट्या कारखानदारांना आहे. टँकर मागवताना तुम्ही बहुधा भाड्याचा दर बघता. पण माल तुम्ही पाठवत असाल तर कायद्यानं तुम्हीही जबाबदार आहात. मालाची पूर्ण आणि खरी माहिती वाहतूकदाराला द्यायची, ही जबाबदारी तुमची आहे. माल भरण्याआधी पाच मिनिटं काढा. परवान्यावरची नोंद आणि तिची मुदत बघा. पाटीवरचा नंबर आज भरायच्या मालाचाच आहे ना, ते ताडून पाहा. कालच्या मालाची पाटी तशीच राहते, ही नेहमीची चूक. पाटीवरचा फोन तिथल्या तिथे लावून बघा. पलीकडे कुणी उचलत नसेल किंवा नंबर बंद असेल तर गेटमधून गाडी सोडू नका. सायलेन्सरवर ठिणगीरोधक आहे का आणि आगीचं नळकांडं भरलेलं आहे का, तेही बघा.

मार्गाचंही तसंच. लोकांच्या सुरक्षेसाठी एखाद्या रस्त्यावर ठरावीक वाहनांना, ठरावीक वेळी बंदी घालायचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या ११५व्या कलमात आहे. बंदीचे आदेश स्थानिक असतात आणि बदलतात, म्हणून निघण्याआधी ते बघायचे आणि ड्रायव्हरला रस्ता लिहूनच द्यायचा. टोल किंवा वेळ वाचवायला तो गावातून, शाळेसमोरून, बाजारातून गेला, तर त्या गावातल्या कुणालाही आपल्या दारातून काय गेलं हे माहीत नसतं.

ढाबेवाल्यांनो, तुमच्या आवारात रात्री उभ्या राहणाऱ्या टँकरांपासून चूल आणि वेल्डिंग लांब ठेवा. रिकाम्या टँकरालाही हेच लागू आहे, कारण रिकाम्या टाकीत वाफ भरलेली असते.

आणि ज्यांची गावं महामार्गाला लागून आहेत त्यांच्यासाठी एक काम. १९९६ च्या रासायनिक अपघातांसंबंधीच्या नियमांनुसार अशा अपघातांचं नियोजन करण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्ती गट असतो. ग्रामसभेतून त्यांना पत्र लिहा आणि तीन गोष्टी विचारा: आमच्या रस्त्यावरून कुठल्या नंबरांचे टँकर जातात, अपघात झाला तर आम्ही कोणत्या बाजूला निघायचं, आणि सर्वांत जवळ अल्कोहोलवर चालणारा फेस कुठल्या केंद्रात आहे. उत्तर आलं की ते चावडीवर मोठ्या अक्षरांत लावा.